साडेचारशेची पाटी

जुन्नरच्या बाजारात बदरुद्दीनभाईंचं मोटर भरायचं, म्हणजे जळक्या मोटरीत तांब्याची नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. जळकी मोटर दारात आली की भाई तिला नुसतं हुंगतात आणि सांगतात, "ही एका फेजवर चालली, मालक. पोरानं फ्यूज उडाल्याचं बघितलं न्हाई." बहुतेक वेळा ते खरंच निघतं. त्यामुळं झालंय काय, की आपण चुकू शकतो हे भाईंच्या ध्यानातच येत नाही. मोटरीची पाटी बघावी, हॉर्सपॉवर बघावी आणि तोंडी सांगावं की ही तासाला इतकी वीज खाणार. चाळीस वर्षं हेच करत आल्यावर माणसाला वाटणारच, की पाटी कधी खोटं बोलत नाही.

वाटलं तर त्यात त्यांचा काय दोष म्हणा! पण ह्या पाटीपायी एका पोरीचं कॉलेज सुटायची वेळ आली होती, ते सांगतो.

भाईंची सून बुशरा. शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लग्नाआधी तीन वर्षं ती डिंभ्याकडच्या आश्रमशाळेत होती, आणि त्या तीन वर्षांत तिनं जेवढी एसटीची वाट पाहिली तेवढी कुणा नवरीनं वऱ्हाडाची पाहिली नसेल. गाडी येणार की नाही, आली तर कधी, गेली तर केव्हा गेली, काही पत्ता नाही. पुढं जुन्नरला नांदायला आल्यावर तिनं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक गंमत उभी केली. फोनमधल्या एका ॲपवर "गाडी कुठं?" असं विचारायचं, हा घरातला कॉम्प्युटर उत्तर देणार. बातमी देणारी माणसं वाटेवर पेरलेली. त्यातली मुख्य म्हणजे घोडेगावच्या स्टँडवर चहाची गाडी लावणारी सारजाबाई. तिच्या फोनवर तीन बटणं: आली, सुटली, रद्द. गाडी सुटली की सारजाबाई एका हातानं चहा गाळत दुसऱ्या हातानं बटण दाबायची. ते जुन्नरच्या कॉम्प्युटरपाशी यायचं आणि तिथून विचारणाऱ्या सगळ्यांना जायचं.

लोकांना वाटायचं, हे कुठंतरी मुंबईच्या मोठ्या ऑफिसातनं येतंय. प्रत्यक्षात ते भाईंच्या बाहेरच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी, धूळ खात घरघरणाऱ्या एका काळ्या डब्यातनं येत होतं. आणि अर्थातच तो डबा दिवसरात्र चालू ठेवावा लागायचा. माणूस कधी विचारील त्याचा काय नेम!

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मार्चमध्ये ऊन तापलं, पंखे रात्रंदिवस फिरू लागले, आणि त्या महिन्याचं बिल आलं.

भाईंनी चष्मा पुसला, बिल वाचलं, पुन्हा पुसला. तीनशे तेवीस युनिट. ह्या घराचं मीटर कधी तीनशेच्या वर गेलं नव्हतं, आणि तीनशेच्या वर प्रत्येक युनिटचा भाव चढतो हे भाई अख्ख्या पेठेला सांगत आलेले. आता पेठेला काय तोंड दाखवायचं?

भाई उठले ते थेट काळ्या डब्याकडं. मागं वाकून बॅटरी मारली. आत वीज घेणाऱ्या पेटीवर पाटी होती: साडेचारशे वॅट.

"हा बघ चोर!" भाई गरजले. "बिबिजान, बघ बघ! साडेचारशे वॅट! चोवीस तास! दिवसाला जवळजवळ अकरा युनिट!"

बिबिजान, म्हणजे भाईंची बायको, कणीक मळत होती. ती म्हणाली, "मला दावून काय करता? सुनंला दावा."

बुशरा शाळेतून आली तेव्हा चपला काढायच्या आधीच तिला पाटी दाखवण्यात आली.

"अब्बा, ती पाटी म्हणजे ती पेटी जास्तीत जास्त किती देऊ शकते ते आहे. दर वेळी तेवढं घेते असं नाही. आपला कॉम्प्युटर नुसता बसून असतो. स्क्रीनसुद्धा बंद. एका दिव्याएवढं घेत असेल, फार तर."

"दिव्याएवढं!" भाई हसले. "पाच हॉर्सच्या मोटरीवर पाच लिवलेलं असतं ते काय शोभेसाठी?"

"मोटर पाणी उचलते, अब्बा. हा काय उचलतोय? आणि ह्यानंच महिन्याला सव्वातीनशे युनिट खाल्ले, तर मग आपला फ्रीज, पंखे, इस्त्री आणि पाण्याची मोटर काय हवेवर चालली?"

बिबिजान फिस्सकन हसली. भाईंना ते लागलं. हिशेब तर पोरीचा बरोबर होता, पण सासऱ्यानं भर घरात हिशेबात हरायचं? "ते मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "सकाळी दोन तास, सांजच्याला दोन तास. बाकी बंद. घर माजं, मीटर माज्या नावचं."

"लोक विचारतात ते दुपारी विचारतात अब्बा. पोरी कॉलेजातून सुटतात तेव्हा."

"पोरी आधी काय चालत जात व्हत्या?"

"हो," बुशरा म्हणाली. "काही जणी चालतच जायच्या. आणि काहींचं कॉलेज सुटायचं."

भाईंनी बिल दुमडून खिशात घातलं, पण पटलं म्हणून नव्हे; आणि बुशरानंही डबा बंद केला नाही.

आता भाईंची एक जुनी खोड सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी त्यांच्या पहिल्या दुकानाला आग लागली होती. रात्रीतनं सगळी तांब्याची तार काळी झाली. तेव्हापासून घराला कुलूप लागलं की मेन स्विच खाली पाडायचा, हा घरचा दंडक. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बुशराचा डबा आल्यापासून मात्र तिनं गळ घालून एवढं कबूल करून घेतलं होतं, की मेन पाडायचा नाही, फक्त पंखे-दिवे बघायचे. भाई कुरकुरत का होईना, पाळत होते.

दुसऱ्या दिवशी बिबिजान दिवसभरासाठी लेकीकडं नारायणगावला गेली. बुशरा शाळेत. मुलगा इरफान चाकणच्या कारखान्यात, तो रविवारीच उगवतो. भाईंना डिंभ्याच्या धर्माजीची भरलेली मोटर पोचवून बसवून द्यायची होती. घराला कुलूप लावताना त्यांचा हात मेनपाशी गेला. क्षणभर थांबला. मग डोळ्यांपुढं बिल आलं, आणि भाईंनी मेन खाली पाडला. रागानंच पाडला, उगाच लपवाछपवी कशाला करायची!

आत काळा डबा यूपीएसच्या बॅटरीवर वीसेक मिनिटं घरघरला असेल. मग तोही गप्प झाला.

भाई मोटर घेऊन घोडेगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपार कलायला आली होती. डिंभ्याची संध्याकाळची गाडी धरायची होती. त्यांनी पोतं गुंडाळलेली मोटर सारजाबाईच्या गाडीशेजारी ठेवली आणि चहा सांगितला.

सारजाबाई वैतागलेली होती. फोन हलवून बघत होती. "आग लागो ह्याला! घंटाभर झाला मी 'रद्द' दाबतीय, जातच न्हाई. एकच टिक ऱ्हातीय."

"काय रद्द?" भाईंनी विचारलं.

"डिंभ्याची गाडी, पावणं. टायर बसलाय वाटंत. आता सकाळपातुर न्हाई. पोरींना कळवलं असतं तर शेवटचा तास सोडून चारच्या जीपनं गेल्या असत्या. पन जुन्नरचं मशीन आज बोलतच न्हाई. रोज बोलतंय, आन आजच मेलं."

हे मशीन आपल्याच घरात आहे, आणि ते आपणच मारलंय, हे त्यांनी त्या बाईला सांगितलं नाही. बशीत ओतलेला चहा त्यांनी गार होईपर्यंत नुसता धरून ठेवला.

जीप केव्हाच गेली होती. कॉलेज सुटलं, पोरी आल्या. जवळच्या गावच्या पोरी कुणाकुणाच्या मोटारसायकलीवर पांगल्या. एक तेवढी राहिली. दप्तर छातीशी धरून ती दर थोड्या वेळानं फोन बघायची, आणि रस्त्याकडं बघायची. ऊन खाली गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती रडायलाच लागली.

"काय झालं गं पोरी?" भाईंनी विचारलं.

सारजाबाईच बोलली. "धर्माजीची नात हाय ती, समृद्धी. हिच्या बापानं सांगून ठिवलंय, एकदा का दिवेलागणीनंतर घरी आली की कालेज बंद. भरत लई ताठ माणूस. गेल्या साली ह्या फोनच्या भरवशावरच त्यानं पोरीला पाठवलं. म्हनला, गाडीचा पत्ता लागत असंल तर जा."

धर्माजीची नात! आणि शेजारी पोत्यात धर्माजीचीच मोटर. भाईंना वाटलं, अल्लानं हिशेब चुकता करायला एवढा वेळही लावला नाही.

त्यांनी धर्माजीला फोन केला, मग दहा माणसांना केला, आणि टोमॅटो उतरवून डिंभ्याकडं रिकामी परत चाललेली एक पिकअप गाठली. मोटर मागं, पोरगी पुढं, आणि भाई क्रेटवर. खड्ड्याखड्ड्याला बूड हापटत होतं, पण भाईंनी हू की चू केलं नाही.

पोचले तेव्हा पुरता अंधार पडला होता. भरत अंगणातच उभा. पोरीकडं त्यानं बघितलंही नाही. "उद्यापास्नं घरी बसायचं," एवढंच म्हणाला.

समृद्धी आत पळाली. धर्माजी खोकत बाहेर आला, पण मुलापुढं त्याचंही फार चालत नसावं.

भाई मोटरीवरचं पोतं सोडत होते. ते सोडायचं थांबवून ते उभे राहिले. "भरतराव, पोरीचा गुन्हा न्हाई. निरोप आला न्हाई, कारण ते मशीन माज्या घरी हाय. आन त्याची लाईट मीच बंद केली. बिलापायी."

भरतनं भाईंकडं पाहिलं. "तुमी?"

"मी. पाटी वाचून. मला वाटलं लई खातंय."

"मग उद्या पुन्ना बंद केली तर? मी पोरगी कुनाच्या भरवशावर पाठवायची?"

भाईंनी मोटरीवर हात ठेवला. मग ते म्हणाले, "आठ दिस द्या. मशीन पुन्ना बंद पडलं, तर तुमची मोटर मी जलमभर फुकट भरीन. तवर पोरीला जाऊ द्या."

"आठ दिस," भरत म्हणाला. "जलमाचं नंतर बघू."

घरी आल्यावर भाईंनी सुनेला सगळं सांगितलं, मेन पाडल्यापासून. बुशरा इतकी चिडली की रडली. "अब्बा, मला सांगून तरी पाडायचा!" म्हणाली, आणि रात्री जेवली नाही. भाईही जेवले नाहीत. बिबिजाननं दोघांची ताटं झाकून ठेवली आणि दोघांनाही शिव्या घातल्या.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आल्यावर भाईंनी फर्मान काढलं. "पाटी न्हाई, तोंडी न्हाई. आता मीटर सांगंल तेच खरं."

घराबाहेरच्या मीटरवर एक लाल दिवा असतो, वीज जाईल तसा लुकलुकतो. भाईंच्या मीटरवर लिहिलं होतं की बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट. भाईंनी घरातलं एकेक बंद केलं. पंखे, दिवे, फ्रीजचा प्लग, मोबाइलचे चार्जर, देवडीतली बेल. यूपीएसही बाजूला काढला. राऊटर त्याच्या छोट्या बॅटरीवर टाकला. घरात फक्त काळा डबा घरघरत राहिला. एप्रिलचं ऊन. तिघंही घामानं निथळत मीटरपुढं उभे.

"साडेचारशे असंल तर अडीच सेकंदाला एक," भाई म्हणाले. "बघा आता, कसा नाचतोय!"

दिवा नाचला नाही. एकदा लुकलुकला आणि गप्प बसला. भाई घड्याळ बघत राहिले. चौदा सेकंदांनी पुन्हा लुकलुकला. पुन्हा चौदा.

बुशरानं तोंडी हिशेब मांडला. "तासाला अडीचशेच्या वर. म्हणजे बत्तीसशे व्हायला साडेबारा तास. दिवसाला दोन युनिटला जरा कमी. महिन्याला अठ्ठावन्न."

"म्हंजी ऐंशी वॅट," भाई म्हणाले. एवढा वेळ फुगलेली छाती जरा खाली बसली. "पाटी खोटं बोलली."

"पाटी खोटं नाही बोलली अब्बा, तुम्ही भलतंच विचारलंत." मग बुशरानं कपाळाचा घाम पुसला. "पण मीही म्हणाले होते, दिव्याएवढं. हा तर पंख्याएवढा निघाला. चोवीस तास, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा."

"दोगंबी चुकला," बिबिजान म्हणाली. "आता माजा फ्रीज लावा."

अठ्ठावन्न युनिट काढले की बिल पुन्हा दोनशे पासष्टवर येत होतं. म्हणजे चोर तोच होता, फक्त भाईंनी त्याच्यावर सगळ्या गावाच्या चोऱ्या घातल्या होत्या. पण बंद करायचा नाही आणि चालूही परवडायचा नाही, मग करायचं काय?

बुशराला उपाय ठाऊक होता. ती सहा महिने तेच सांगत होती, कुणी ऐकलं नव्हतं. इरफाननं रविवारी येताना पुण्यातून एक जुना छोटा कॉम्प्युटर आणला, कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला. जेवणाच्या डब्याएवढा. सात हजाराला. भाईंनी तो तळहातावर घेऊन उलटासुलटा केला.

"हे? हे तेवढं काम करंल?"

"काम काय आहे अब्बा? निरोप घ्यायचा, निरोप द्यायचा. त्याला काय पाच हॉर्स लागतात?"

भाईंना हे बोलणं मोटरीच्या भाषेतलं वाटलं आणि चटकन पटलं. एका वाफ्याला कुणी दहा हॉर्सचा पंप लावत नाही.

बुशरानं सगळं त्याच्यावर चढवलं, फोनवरून विचारून पाहिलं, उत्तर आलं. मग पुन्हा तेच. पंखे बंद, फ्रीज बंद, घामाच्या धारा. मीटरवर लाल दिवा एकदा लुकलुकला.

चौदा सेकंद झाले. तीस झाले. एक मिनिट झालं. भाई मीटरच्या जवळ गेले, आणखी जवळ गेले, काचेला नाक टेकलं.

"बंद पडलंय," ते म्हणाले. "बुशरा, आत बघ, बंद पडलंय!"

बुशरानं तिथूनच फोनवर विचारलं, "गाडी कुठं?" टिंग! उत्तर हजर.

दोन मिनिटं उलटल्यावर दिवा लुकलुकला. भाई इतके खूश झाले, की ओट्यावरून शेजाऱ्यांना हाका मारून त्यांनी तो पुढचा लुकलुकाट दाखवला. शेजाऱ्यांना काही कळलं नाही, पण दोन मिनिटं उन्हात उभं राहून तेही "वा!" म्हणाले.

"नऊ वॅट," भाई म्हणाले. "महिन्याला साडेसहा युनिट. आता झाला खरा दिव्याएवढा. सात हजार वरसभरात फिटले म्हनून समज, आन मीटर तीनशेच्या खाली." जणू काही ही कल्पना त्यांचीच होती. बुशरानं ती त्यांना खुशाल घेऊ दिली.

पण भाईंचं काम अजून झालं नव्हतं. घराला कुलूप लागलं की मेन पडणार, ती खोड काही ह्या वयात जायची नाही. आगीची धास्ती मनात बसलीय, ती सुनेनं कितीही समजावलं तरी निघत नाही. मग त्यांनी स्वतः शिडी लावून मीटरपासून एक वेगळी लाईन ओढली, तिला वेगळा छोटा एमसीबी बसवला, आणि त्यावर फक्त तो डबा आणि राऊटर घेतला. आता मेन खुशाल पाडा. एमसीबीवर खडूनं लिहिलं: "हात लावू नये. बदरुद्दीन." ते बहुतेक स्वतःलाच लिहिलं असावं.

आठ दिवस सरायला एक दिवस उरला होता. गुरुवार. त्या दिवशी जुन्नरची लाईट गेली, दुरुस्तीसाठी. अशी गेली की दुपार उलटली तरी पत्ता नसतो. भाई दुकानात बसले होते, अंधारात, हातपंख्यानं वारा घेत. सगळी पेठ गार पडलेली. आणि त्यांच्या एकदम लक्षात आलं: अरे देवा, डबा!

धावतच घरी गेले. दम लागला. काळ्या कॉम्प्युटरला ज्या यूपीएसवर वीस मिनिटं मिळायची, त्याच यूपीएसवर हा छोटा डबा हिरवा दिवा लावून शांत बसला होता. लाईट जाऊन दोन तास झाले होते. भाई त्याच्यापुढं वेताच्या मोढ्यावर बसले. लाईट येईपर्यंत उठायचं नाही असं ठरवून, आजाऱ्यापाशी बसावं तसे. बिबिजान जेवायला हाक मारून थकली.

तेवढ्यात फोन वाजला. डिंभ्याहून भरत.

"भाई, जुन्नरला आज लाईट न्हाई म्हनं?"

"न्हाई," भाई म्हणाले.

"आन ते मशीन?"

"तुमीच इचारून बघा की."

फोन ठेवला गेला. भाईंनी हिरव्या दिव्याकडं बघत मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं. पुन्हा फोन वाजला.

"बोललं की ते," भरत म्हणाला. आवाजात पहिल्यांदाच जरा सैलपणा होता. "संध्याकाळची गाडी येळंवर हाय म्हनतंय. बरं, ऐका. समृद्धीच्या पुढच्या वरसाची फी उद्या भरतो. आन मोटरीचं जलमभर फुकट ते ऱ्हाऊ द्या, भाई. पैसं देऊनच भरून घेऊ."